मोकळं प्यादं कधी ढकलायचं आणि समोरच्याचं कसं अडवायचं?

कृष्णाकाठ

मंडळी, गेल्या महिन्यात एका खुल्या स्पर्धेत लागोपाठ दोन फेऱ्यांत मोकळ्या प्याद्याने माझा घात केला. एकदा प्यादं माझं होतं, एकदा समोरच्याचं. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

पहिला डाव. मी पांढरा. सगळी मारामारी संपून पटावर उरलं ते एवढंच: माझा राजा बी५, हत्ती ए८, प्यादं ए६. त्याचा राजा जी७, हत्ती ए१. बाकी एकही सोंगटी नाही. चाल माझी. वाटलं, दोन घरं राहिली आहेत, आता काय विचार करायचा? ए७ खेळलो. पुढे तीसेक चाली घासाघीस केली आणि डाव बरोबरीत सुटला. समोरचा मुलगा चौदा वर्षांचा. हात मिळवताना म्हणाला, "काका, ते प्यादं ढकललं नसतं तर मी हरलो होतो." का, ते विचारायची लाज वाटली.

दुसरा डाव. मी काळा. त्याचं ए५ वर मोकळं प्यादं, मी ते अडवायला हत्ती ए६ वर नेऊन बसवला. राजाच्या बाजूला दोघांची तीन-तीन प्यादी. प्यादं अडलं, पण मी हरलो, आणि नेमका कुठे हरलो ते अजून कळलेलं नाही.

प्रश्न दोन. ढकलायची वेळ झाली हे कशावरून ओळखायचं? आणि अडवायला कोणाला बसवायचं?

तुफान_मेल

मोकळं प्यादं म्हणजे ढकलायचंच. जितकं पुढे तितकी समोरच्याला धडकी. थांबलात तर तो अडवणार. मी तर मिळालं की पळवतो.

अबोली

हे तेच ना, समोरच्याचं प्यादं दोन घरं उडी मारून आपल्या शेजारी आलं की पुढच्याच चालीत तिरकं मारता येतं? माझ्या लेकीला क्लासमध्ये मागच्या आठवड्यात शिकवलं. ती मारायची की सोडायची यावर फार गोंधळते.

दोन_घरं_पुढे

अबोलीताई, तुम्ही म्हणताय ते वाटेतलं प्यादं मारणं, एन पासां. इथला विषय वेगळा आहे. ज्या प्याद्याच्या समोर आणि दोन्ही शेजारच्या पट्ट्यांत त्याला रोखणारं शत्रूचं प्यादं उरलेलं नाही, त्याच्याबद्दल चाललंय.

अबोली

अच्छा! मग तेही तिला येत नाही. वाचत बसते.

तात्या_सांगली

कृष्णाकाठ, तुमचा पहिला डाव पट मांडून पाहिला. त्या मुलाचं बरोबर आहे. ए७ खेळण्याआधी तुमचा डाव जिंकलेला होता, त्या एका चालीने तो बरोबरीत गेला.

आता कारण. प्यादं वजीर व्हायला तुमचा हत्ती ए८ वरून हलायला हवा. हत्ती हलला की ए७ चं प्यादं राखायला राजा हवा, म्हणजे राजा बी६ किंवा बी७ वर. तिथे गेलात की त्याचा हत्ती बी१ वरून शह देणार. आता तुम्ही लपणार कुठे? राजाला शहांपासून आडोसा मिळेल असं एकच घर त्या कोपऱ्यात होतं, ते म्हणजे ए७. तिथे तुम्ही स्वतःच प्यादं नेऊन ठेवलंत. मग राजा सी पट्टीत, तिथे शह. डी पट्टीत, तिथे शह. असा तो तुम्हाला लांब हाकलतो आणि शह संपले की हत्ती पुन्हा ए पट्टीत मागे आणून ठेवतो. तुम्ही परत चालत येता, तो परत शह देतो. तुमच्या तीस चाली अशाच गेल्या असणार.

प्यादं ए६ वर ठेवून बी६ खेळा. म्हणजे राजा हो. त्याने बी१ वरून शह दिला की राजा ए७. आता प्यादं तुमच्या पायाशी आहे आणि पलीकडून शह लागत नाही. मग हत्ती बी८ वर आणून त्याच्या हत्तीला बी पट्टीतून उठवा, नंतर हत्ती बी६. आता प्यादं हत्तीने राखलंय आणि बी पट्टी तुमच्याच हत्तीने बंद केलीय. राजा बी७, प्यादं ए७ आणि वजीर. त्याचा राजा जी७ वरून धावत येईपर्यंत खेळ आटोपतो.

त्यामुळे पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं. ढकलण्याआधी प्यादं ज्या घरावर जाणार आहे त्या घराकडे बघा. ते घर तुमच्याच दुसऱ्या सोंगटीला हवं आहे का? इथे राजाला हवं होतं.

तुफान_मेल

पण तात्या, ए७ वर गेल्यावर त्याचा हत्ती आणि राजा दोघंही बांधले गेले ना? राजा जी७ वरून हलला की हत्ती एच८ वर नेऊन गंमत होते, असं कुठेतरी पाहिलंय. मग ढकलणं इतकं वाईट कसं?

तात्या_सांगली

तुम्ही पाहिलंय ते खरं आहे. त्याचा राजा एफ७ वर आला तर तुम्ही हत्ती एच८ खेळता. त्याने ए७ चं प्यादं मारलं की हत्ती एच७ शह, राजाच्या आरपार सातव्या ओळीत त्याचा हत्ती उचलता. ई७, डी७ वरही तेच. म्हणून त्याला जी७ आणि एच७ या दोनच घरांत ये-जा करत बसावं लागतं.

पण त्याला तेवढंच पुरतं. बांधलेल्या माणसाला बांधूनच राहायचं असेल तर तुम्ही त्याचं काय करणार? त्याला कोंडी फोडायची गरजच नाही. तुमच्याकडे दुसरं काही हवं. उदाहरणार्थ, एफ पट्टीत आणखी एक प्यादं असतं तर ए७ वर ढकलणं बरोबर ठरलं असतं. ते एफ६ वर शह देत गेलं की राजाने मारलं तर हत्ती एफ८ शह आणि मग ए८ वजीर. राजा एफ७ वर गेला तर हत्ती एच८. एच७ वर गेला तर एफ७. मजा म्हणजे तेच जास्तीचं प्यादं जी किंवा एच पट्टीत असेल तर हे जमत नाही. जी७ वरच्या राजाला ते हुसकावून लावू शकत नाही.

पटावरची_माती

तात्यांशी शंभर टक्के सहमत, पण एक भर. "ए६ वर ठेवा म्हणजे जिंकलात" असं वाचून कोणी जाऊ नका. कृष्णाकाठ यांचा राजा बी५ वर, अगदी दाराशी पोचला होता, म्हणून जिंकत होते. राजा अजून पटाच्या मध्यात असता तर समोरच्याला वेळ मिळाला असता, आणि तेव्हा त्याने हत्ती मागे न ठेवता बाजूला न्यायला हवा होता. एफ६ वर.

तिथून तो सहाव्या ओळीत आडवा ए६ वर नजर ठेवतो. तुमचा हत्ती ए८ सोडू शकत नाही, कारण प्यादं जातं. राजा प्यादं राखायला बी५ वर आला की एफ५ वरून शह. बी६ वर आला की एफ६ वरून शह, बी७ वर आला की एफ७ वरून. आडवे शह असल्याने ए७ चा आडोसाही चालत नाही, सातव्या ओळीतच शह बसतो. राजा शहांना कंटाळून लांब गेला की हत्ती पुन्हा सहाव्या ओळीत. आणि मध्येच ए७ ढकललं की हत्ती लगेच ए६ वर, प्याद्याच्या मागे. याला व्हान्चुराचा बचाव म्हणतात. चेक माणूस होता.

म्हणजे त्या चौदा वर्षांच्या मुलानेही आधी चूक केलेली असणार. तुमचा राजा लांब असतानाच त्याने हत्ती आडवा न्यायचा होता. तो ए१ वर निवांत बसला, तुम्ही बी५ पर्यंत आलात, आणि मग तुम्ही ए७ ढकलून त्याला सोडवलंत.

कृष्णाकाठ

अगदी असंच झालं होतं! माझा राजा ई४ पासून चालत आला आणि तो नुसता राजा जी७-एच७ करत होता. मला वाटलं, घाबरलाय.

दोन_घरं_पुढे

एक शंका. तात्यांच्या ओळीत राजा बी६ वर आल्यावर काळ्याने बी१ वरून शह न देता हत्ती एफ१ वर नेला तर? तेव्हा तरी आडवा बचाव जमेल ना?

तात्या_सांगली

उशीर झाला. हत्ती एफ१, मग तुम्ही हत्ती बी८ खेळा. ए७ ची धमकी आहे. त्याने एफ६ वरून शह दिला की राजा ए७. एफ७ वरून शह दिला की हत्ती बी७ मध्ये घाला. शहाला उत्तरही झालं आणि हत्तीला हत्तीची मागणीही झाली. अदलाबदल झाली तर प्यादं बिनबोभाट वजीर होतं, त्याचा राजा कुठच्या कुठे आहे. शह न देता तो राजा आणायला लागला, तर हत्ती बी६ आणि वर सांगितलं तसंच.

एका चालीचा फरक आहे सगळा. राजा बी६ वर यायच्या आधी त्याचा हत्ती एफ६ वर असता तर नसतं जमलं.

आजोळ_वाई

तुमचं वाचून आजोबा आठवले. ते देशी पद्धतीने खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, आणि शेवटच्या ओळीत पोचलं तर ज्याच्या घरात पोचलं तीच सोंगटी व्हायची. हत्तीच्या पट्टीतलं प्यादं हत्ती, घोड्याच्या पट्टीतलं घोडा. वजीर हवा असेल तर त्याच पट्टीतून पोचायला हवं. त्यामुळे कडेच्या प्याद्याची त्यांना फारशी ओढ नसायची, मधलं प्यादं मोकळं करायला मात्र ते उंटसुद्धा देऊन टाकायचे. ओसरीवर घोंगडीवर पट, सोंगट्या लाकडी, आणि प्यादं पुढे सरकवताना ते दोन बोटांनी दाबून धरायचे, सोडायचे नाहीत. समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. मग सोडायचे.

हत्तीवान

वा! आमच्याकडेही काका असेच खेळत. नव्या नियमांशी त्यांचं कधी जमलं नाही.

बरं, दुसऱ्या डावाचं कोणी बोललंच नाही. मी बोलतो, कारण मी स्वतः हा मार दोनदा खाल्लाय. कृष्णाकाठ, त्याचा हत्ती कुठे होता? ए पट्टीत, त्याच्या प्याद्याच्या मागे?

कृष्णाकाठ

हो, ए४ वर. माझा ए६ वर, प्याद्याच्या तोंडासमोर.

हत्तीवान

मग तिथेच. तुमच्या हत्तीला दोनच कामं उरली. जागचा हलला तर प्यादं पुढे जातं, न हलता बसला तर तो हत्तीच राहत नाही, दगड होतो. त्याचा हत्ती मात्र मागून प्यादं राखतो आणि चौथ्या ओळीत आडवा मोकळा आहे. प्यादं एक घर पुढे गेलं की त्याच्या हत्तीला एक घर जास्त मिळतं आणि तुमच्या हत्तीचं एक घर जातं. म्हणून हत्ती प्याद्याच्या मागे हवा म्हणतात. आपलं असो की त्याचं, मागे.

पुढे काय झालं ते मी न बघता सांगतो. तुमच्या हत्तीला सोडवायला तुम्ही राजा प्याद्याकडे नेलात. त्याचा राजा तेवढ्यात दुसऱ्या बाजूला, तुमच्या तीन प्याद्यांवर.

कृष्णाकाठ

तंतोतंत. राजा बी५ वर पोचलो तेव्हा त्याचा राजा एफ६ वर होता. मी ए५ चं प्यादं खाल्लं आणि त्याने माझी दोन.

पटावरची_माती

यात लाजायचं काही नाही. 1927 सालच्या जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीत, ब्युनोस आयर्सला, 34 व्या डावात कापाब्लांका याच गोष्टीने हरला. अलेखिनकडे ए पट्टीतलं मोकळं प्यादं होतं आणि हत्ती मागे. कापाब्लांकाचा हत्ती समोर अडकला. अलेखिनचा राजा शेवटी राजाच्या बाजूच्या प्याद्यांवर गेला. 82 चालींचा डाव, आणि त्यातच अजिंक्यपद गेलं. हत्तीच्या शेवटांचं ज्याचं नाव घेतात त्याच्यावर ही वेळ आली. डाव मिळवून शेवटच्या तीस चाली हाताने खेळून बघा, तुमचाच डाव वाटेल.

त्यात ते ए प्यादं वजीर होण्यासाठी नव्हतंच. ते लांब कोपऱ्यात उभं राहून काळ्याला तिकडे ओढून ठेवत होतं, जिंकायचं काम दुसऱ्या बाजूला झालं. तुफान_मेल, हे तुमच्यासाठी. तिथे प्यादं घाईने पळवलं असतं तर त्याच्यावरचा सगळा जोर निघून गेला असता.

तुफान_मेल

मान्य, हत्तींच्या शेवटात मान्य. पण वजीर पटावर असतील तर मी ऐकणार नाही. तिथे सातव्या घरातलं एक प्यादं समोरच्याच्या दोन जास्तीच्या प्याद्यांना भारी पडतं. तिथे ढकलायचंच.

हत्तीवान

वजीर असताना ढकलत गेलात आणि राजा उघडा पडला की तो शहांवर शह देऊन डाव बरोबरीत नेतो. मी अशा तीन डावांत अर्धा-अर्धा गुण घालवलाय. आधी राजा झाकायचा, मग प्यादं.

तुफान_मेल

राजा झाकेपर्यंत त्याचा वजीर प्याद्यासमोर येऊन बसतो.

हत्तीवान

वजीर अडवायला बसला म्हणजे त्याचा सगळ्यात मोठा मोहरा हमालीला लागला. ते तर चांगलंच. आणि वजिराला हुसकावणं सोपं असतं, कुठलीही सोंगटी त्याच्या अंगावर गेली की उठावंच लागतं.

तुफान_मेल

उठतो आणि शह देतो! तुमचाच मुद्दा झाला की.

तिरकी_चाल

यांचं चालू दे. 🙂 अडवायला कोण, यावर मी माझा डाव सांगते. मी काळी. पांढऱ्याचं डी५ वर मोकळं प्यादं, मागे डी१ वर हत्ती, आणि त्याचा उंट पांढऱ्या घरांचा, एफ३ वर. मी घोडा डी६ वर आणून बसवला. डी६ काळं घर, त्यामुळे त्याचा उंट जन्मात तिथे पोचणार नाही. वर त्याचंच डी५ चं प्यादं त्याच उंटाच्या वाटेत उभं. आणि घोडा अडवत असूनही बेकार होत नाही, कारण तो उडी मारतो. डी६ वरून बी५, सी४, ई४, एफ५ अशी समोरची चार घरं धरून असतो. हत्ती समोर बसला की प्यादं त्याचाही रस्ता अडवतं, घोड्याचा अडवत नाही. निम्झोविचने अडवणुकीवर एवढा भर दिला त्यात घोड्याचं हेच कौतुक होतं.

तर मी छान बसले होते. मग बी२ चं प्यादं दिसलं, मोकळं, कोणी न राखलेलं. घोडा सी४, पुढच्या चालीला बी२ खाणार, हिशेब केला की एक प्यादं वर. त्याने डी६ खेळलं. आता एका चालीत तीन गोष्टी झाल्या. प्यादं पुढे गेलं, हत्तीची पट्टी लांबली आणि जो उंट एफ३ वर सगळा डाव झोपला होता त्याची ई४, डी५, सी६, बी७ अशी तिरकी उघडली. माझं बी७ चं प्यादं लगेच माराखाली. मी बी२ खाल्लं, त्याने डी७. घोडा परत येऊन डी८ वर अडवायला चार चाली लागणार होत्या, माझ्याकडे एकही नव्हती.

तेव्हापासून अडवणारी सोंगटी मी हलवतच नाही.

पटावरची_माती

तिरकी_चाल, उदाहरण फारच बोलकं आहे, पण शेवटचं वाक्य पटलं नाही. अडवणारा कधीच हलायचा नाही असं केलंत तर हत्तीवान म्हणाले तसा दगड होतो. घोडा हलू शकतो, जर त्याच्या जागी दुसरं कोणी त्याच चालीत तयार असेल. तुमचा राजा ई७ वर असता तर घोडा सी४ वर गेल्यावर डी६ ला राजा आणि घोडा दोघांनीही मारलं असतं. मग बी२ चं प्यादं खरंच फुकट होतं. तेव्हा राजा कुठे होता?

तिरकी_चाल

जी८ वर. किल्ल्यातून बाहेर काढलाच नव्हता.

पटावरची_माती

मग चूक घोड्याची नाही, त्याच्या आधीच्या चालींची. वजीर पटावरून गेल्यावर अडवायला सगळ्यात चांगला माणूस राजाच. त्याला आधी आणायचं, मग घोडा मोकळा सोडायचा.

तिरकी_चाल

हे मात्र मी कधी असं पाहिलं नव्हतं. पण खरं सांगू, दहा मिनिटांच्या डावात एवढं सुचत नाही. मी घोडा तिथेच ठेवणार.

अबोली

सगळं नाही कळलं, पण लेकीला घेऊन बसले होते. तिचा एक डाव आहे. तिचा एकटा राजा ई७ वर, समोरच्याचं प्यादं ई६ वर आणि त्याचा राजा ई५ वर. चाल तिची. ती राजा डी८ वर घेऊन गेली आणि हरली. म्हणते, कुठेही गेले असते तरी हरलेच असते. खरं का?

तात्या_सांगली

नाही ताई, बरोबरी होती. तिला सांगा, सरळ मागे जायचं. ई८. तिरकं नाही. मग त्याचा राजा डी६ वर आला की तिने डी८ वर त्याच्या समोर उभं राहायचं. एफ६ वर आला तर एफ८. त्याने ई७ शह दिला की ई८. आता प्यादं सोडायचं नसेल तर त्याला ई६ वर यावं लागतं, आणि तिला चालच उरत नाही, शह नसताना. डाव बरोबरीत.

ती आधीच डी८ वर गेली म्हणून त्याचा राजा डी६ वर तिच्या समोर उभा राहिला, आणि आता चाल तिची. ई८ वर गेली की प्यादं ई७ वर, शह न देता. तिला एफ७ वर जावं लागतं आणि त्याचा राजा डी७. प्यादं शह देत ई७ वर आलं तर बरोबरी, शह न देता आलं तर हार. घरी पटावर दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा खेळवा, बोटांना सवय होते.

आणि हाच डाव पलीकडून बघा, कृष्णाकाठ. ज्याच्याकडे प्यादं आहे त्याने राजा ई६ वर आणि प्यादं मागे ई५ वर ठेवलं असतं, तर काळ्या राजाने ई८ वर काहीही केलं तरी पांढरा जिंकतो, चाल कुणाचीही असो. प्यादं राजाच्या पुढे पळालं की बरोबरी. तुमच्या ए७ ची ही धाकटी बहीण.

अबोली

खेळवलं. पहिल्यांदा पुन्हा डी८ वर गेली, दुसऱ्यांदा ई८. मग म्हणाली, "आई, आता तू काळी हो." मीही डी८ वरच गेले!

आजोळ_वाई

अबोलीताई, तिला सांगा, प्यादं सोडण्याआधी दोन बोटांनी दाबून धरायचं.

दोन_घरं_पुढे

आजोळ, स्पर्धेत हात लावला की ती सोंगटी हलवावीच लागते. आणि घरावर ठेवून बोट सोडलं की चाल झाली. दाबून धरण्यात फायदा नाही, आधी हात मांडीखाली.

आजोळ_वाई

आजोबांच्या ओसरीवर पंच नव्हते हो. 🙂

कृष्णाकाठ

मंडळी, काल रात्री भावाला बसवून पहिला डाव पुन्हा मांडला. तो काळा. राजा बी६ खेळलो. त्याने बी१ वरून शह दिला, मी ए७. मग तो बराच वेळ बघत राहिला आणि राजा एफ७ वर आणला. हत्ती बी८, त्याचा हत्ती ए१. हत्ती बी६, त्याचा राजा ई७. राजा बी७. त्याने राजा डी७ वर आणला आणि म्हणाला, "आता?" ए७. त्याच्या हत्तीने मारलं, राजाने मारलं, आणि माझा हत्ती बी६ वर तसाच उभा. मुळात डी७ वरच्या त्याच्या राजाला करण्यासारखं काही नव्हतंच.

मग आम्ही बाजू बदलल्या आणि पांढऱ्याचा राजा ई४ वर ठेवून, काळ्याची चाल धरून सुरुवात केली, पटावरची_माती म्हणाले तसं. मी हत्ती एफ१ वरून एफ६ वर आणला. भावाने अर्धा तास प्रयत्न केला. एकदा मी कंटाळून राजा जी७ वरून एफ७ वर नेला, आणि त्याच क्षणी त्याने हत्ती एच८ वर नेला. मी ए६ खाल्लं, तो म्हणाला, "प्यादं ए६ वरच होतं, एच७ शहाने तुझा हत्ती कुठे सापडतोय?" खरंच सापडत नव्हता, माझा हत्ती सहाव्या ओळीत होता. म्हणजे ती युक्ती फक्त प्यादं ए७ वर असतानाच. मग ए६ असताना राजाने जी७-एच७ का सोडायचं नाही? की सोडलं तरी चालतं?

तात्या_सांगली

सोडायचं नाही. तुमच्या भावाने चुकीचा शह शोधला. प्यादं ए६ वर असताना राजा एफ७ वर गेला तर तुमचा हत्तीही एफ पट्टीत त्याच्या मागे एफ६ वर असतो, हे बघा. मग पांढऱ्याने ए७ खेळायचं. नेहमीसारखं हत्ती ए६ वर नेलात की आता हत्ती एच८, आणि ए७ मारलं की एच७ चा शह. म्हणजे ढकलायची वेळ तीच. तुमचा राजा एफ७ वर पाऊल ठेवतो त्या चालीला.

कृष्णाकाठ

मांडून बघतो. भाऊ झोपलाय, पण उठवतो.